वाडग्यात फेस धरेना

पानशेतच्या धरणाकाठी एका ताईंचं राहण्या-जेवणाचं ठिकाण आहे. शनिवारी-रविवारी पुण्याच्या गाड्या येतात, माणसं पाण्याकडं तोंड करून बसतात, रस्सा-भाकरी खातात, फोटो काढतात आणि सोमवारी सगळं सामसूम होतं. मी तिथं कामाला लागले ती मोरीवर. भांडी घासायची, पुसायची, उन्हाला पालथी घालायची. कुणाशी बोलायला लागत नाही म्हणून ते काम मला आवडायचं. चौथीनंतरची शाळा लांब होती, मुलीच्या जातीला कोण पाठवणार, म्हणून माझं शिकणं तिथंच थांबलं. चारचौघांत कुणी काही विचारलं तर मला उत्तर येत असूनही तोंडातून निघत नाही. मोरीवर पाणी बोलतं, भांडी बोलतात, आपण गप्प राहिलं तरी चालतं.

स्वयंपाक काकू करायच्या. त्या शेजारच्या गावच्या, शेतकरी घरातल्या, वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. त्यांच्या हातचा रस्सा खायला पुण्याची माणसं परत परत येतात. ताई स्वतः केक-बिस्किटांचं बघायच्या. त्या पुण्यात त्याचं शिकलेल्या. मागच्या खोलीत त्यांनी भट्टी बसवली होती आणि खिडकीखाली एक लांब टेबल.

एकदा काकूंना गर्दीत वेळ नव्हता म्हणून मी भुर्जीसाठी अंडी फोडत होते. ताई दारात उभ्या राहून बघत होत्या हे मला कळलं नाही. आमच्या घरी कोंबड्या आहेत, लहानपणापासून अंडं हातात खेळलेलं आहे. एका टोल्यात फोडायचं आणि कवचाचा कण आत पडू द्यायचा नाही, एवढंच मला येतं.

"पिवळं न फोडता पांढरं वेगळं काढता येईल तुला?" ताईंनी विचारलं.

मी मान हलवली. अंडं फोडलं, पिवळा बलक या कवचातून त्या कवचात घेतला, पांढरं खाली वाटीत गळू दिलं. असं दोन-चार वेळा केलं.

"हलका हात आहे तुझा," ताई म्हणाल्या. "उद्यापासून टेबलावर ये."

मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी पदरानं कोरडाच हात पुसत राहिले. माझ्या हाताबद्दल कुणी चांगलं बोललंय असं मला तरी आठवत नव्हतं.

टेबलावर आल्यावर पहिलं काम मिळालं ते फेसाचं. ताई लिंबाचा केक करायच्या आणि त्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस ढगासारखा लावून वरून जाळानं किंचित तांबूस करायच्या. त्याच फेसाची लहान लहान बिस्किटं मंद भट्टीत वाळवून बरणीत भरायच्या. ती जिभेवर ठेवली की विरघळतात.

पहिल्यांदा तो फेस होताना मी बघितला तेव्हा मला ते खोटंच वाटलं. वाटीभर पातळ, चिकट, पाण्यासारखं पांढरं, आणि विजेचा बीटर फिरायला लागल्यावर ते वर येतंय, येतंय, पातेलं भरलं. आधी साबणासारखे मोठे बुडबुडे, मग बारीक, मग बुडबुडे दिसेनासेच झाले.

"एवढं कुठनं आलं ताई?"

"हवा," ताई म्हणाल्या. "पांढरं म्हणजे बहुतेक पाणीच. पण त्यात प्रथिनं असतात. आपण डाळीतली प्रथिनं म्हणतो ना, तशीच. ती सुताच्या गुंड्यांसारखी गुंडाळलेली असतात. आपण मारत राहिलो की गुंड्या उलगडतात आणि आत गेलेल्या हवेभोवती एकमेकींना धरून बसतात. प्रत्येक बुडबुड्याला असा पातळ पापुद्रा होतो. तो आहे तोवर हवा आत राहते."

मला ते लगेच कळलं. सुटी सुटी असताना काही नाही, आणि एकमेकींना धरलं की भिंत.

साखरेचं त्यांनी मला करूनच दाखवलं. एका वाटीत साखर पहिल्यापासूनच घातली. ते फेसायला इतका वेळ लागला की बीटर गरम झाला. साखर त्या पाण्यात विरघळून पाणी दाट करते, गुंड्यांना उलगडायला आणि एकमेकींजवळ यायला उशीर लागतो. दुसऱ्या वाटीत आधी पांढरं फेसलं, बीटर उचलल्यावर शेंडा येऊन मऊ लवायला लागला तशी साखर चमच्याचमच्यानं घातली. तो फेस लवकर झाला, सॅटिनच्या कापडासारखा चकाकायला लागला, आणि बराच वेळ ठेवला तरी खाली पाणी सुटलं नाही. साखरेनं पाणी दाट झालेलं असतं, ते पापुद्र्यातून पटकन गळत नाही. म्हणजे साखर आधी अडवते आणि नंतर सांभाळते.

"पण पिवळं जाऊ द्यायचं नाही," ताई म्हणाल्या. "पिवळ्यात चरबी असते. ती बुडबुड्याच्या कडेला जाऊन बसते, मग प्रथिनांना धरायला जागाच राहत नाही. थेंबभर गेलं तरी फेस खालावतो."

म्हणून मी एकेक अंडं आधी कपात फोडायचे, पांढरं स्वच्छ दिसलं तरच मोठ्या भांड्यात ओतायचे. एखाद्यात पिवळ्याची तार दिसली की ते काकूंच्या भुर्जीला जायचं.

काकूंना या सगळ्याची गंमत वाटायची. "फेस तोंडाला आला की माणसाला दवाखान्यात नेत्यात," त्या म्हणायच्या, "आन् ह्या बाया फेस इकत्यात."

"काकू, खाऊन तर बघा," ताई म्हणायच्या.

"नगं बाई. माझं पोट भाकरीचं हाय, त्याला फसवू नका."

त्या हंगामात माझा फेस एकदाही चुकला नाही. ताई माझ्यावर सोपवून पुण्याला जायला लागल्या. घरी मुलीनं विचारलं, आई तू तिथं काय करतेस, तर भांडी घासते असं न म्हणता केकचं काम करते असं मी म्हणाले. ते म्हणताना मला बरं वाटलं. टेबल आपल्याकडं राहावं असं मनापासून वाटायला लागलं, आणि मला काही हवंसं वाटलं की त्याचबरोबर भीतीही वाटते.

मे महिना आला. आमच्याकडं फणस पिकतात. पुण्याच्या माणसांना फणस बघायलाच अप्रूप, म्हणून काकू मागच्या अंगणात पोतं अंथरून फणस फोडायच्या. हाताला, विळ्याला, सगळ्याला तेल चोळायचं, नाहीतर चीक निघत नाही. गरे काढून ठेवायला काकूंनी हाताशी आला तो पांढरा प्लॅस्टिकचा वाडगा घेतला. तो बीटरबरोबर आला होता, उंच काठाचा, त्यात फेसताना उडत नाही म्हणून मी तोच वापरायचे. गरे बाहेर गेले, वाडगा माझ्याकडं आला, मी घासला. वडीचा साबण लावून तारेच्या घासणीनं घासला, कारण काठाला चीक लागला होता. धुतल्यावर तो स्वच्छ दिसत होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार. ताई सामान आणायला पुण्याला गेल्या होत्या. मी बिस्किटांसाठी अंडी फोडली, वाडग्यात ओतली, बीटर लावला. साबणाच्या पाण्यासारखे बुडबुडे आले आणि तिथंच थांबले. मी वाट बघितली. बीटर थांबवला की बुडबुडे फुटत होते आणि तळाला पाणी दिसत होतं.

पिवळं गेलं असेल म्हणून मी ते सगळं काकूंच्या भुर्जीला दिलं. वाडगा पुन्हा तारेनं घासला. दुसरी अंडी घेतली, एकेक कपात उजेडाला धरून बघितली. पिवळ्याचा कणही नव्हता. तरी तेच. मग वाटलं, साखर सांभाळते म्हणतात, थोडी आधी घालून बघावी. साखर घातल्यावर ते जरा दाटसर झालं, चमकलं, मला हायसं वाटलं. बीटर उचलला तर शेंडा आलाच नाही, दुधासारखं ओघळलं.

"काय गं, आज फेस रुसला वाटतं?" काकू चुलीपासून म्हणाल्या.

"धरंना झालाय काकू."

"हाताचा गुण असतोय बाई. लोणच्याचं न्हाई का, एखादीचा हात लागला की बुरशी आलीच. आन् बाई महिन्याची असली मंग तर इचारूच नगं." त्या रस्सा ढवळत होत्या. सगळ्या बायांबद्दल बोलावं तसं त्या बोलल्या. पण बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मला पाळी आलेली होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं काही कारणच नव्हतं.

हे मला नीट लिहायला पाहिजे. आमच्या घरात आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून बायांनी बाहेर बसणं मोडलं. माझ्या आईनं मला पहिल्याच वेळी सांगितलं होतं, रक्त आहे, पाप न्हाई, जा पाणी भर. माझी मुलगी मोठी झाली तेव्हा तिला मैत्रिणींनी लोणच्याला शिवू नको म्हणून सांगितलं होतं. मी बरणी तिच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, घाल हात, काही होत नाही. तिनं घातला. काही झालं नाही. तेव्हा मी घरात मोठ्या माणसासारखी बोलले होते.

आणि त्या दिवशी मी टेबलावरचे माझे हात मागं घेतले. काकूंचं वाक्य संपायच्या आत घेतले. कुणी मला समजावलं नाही, धमकावलं नाही. आईचं, आजोबांचं सगळं सांगणं एका बाजूला राहिलं आणि मला वाटलं, असेल. माझ्याच हातात काहीतरी असेल. मागच्या महिन्यात पाळीच्या दिवसांत फेस धरला होता का, ते मी आठवायला लागले. ते दिवस माझ्या सुट्टीत आले होते की काय, आठवेना. आठवत नव्हतं म्हणजे खरंच असेल असं वाटलं. बिस्किटं झाली नाहीत. ताईंना फोन करायचं धाडस झालं नाही. मी मोरीवर गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथंच राहिले.

रविवारी दुपारी एका म्हाताऱ्या जोडप्याच्या लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण होतं. मुलं-नातवंडं पुण्याहून येणार होती. लिंबाचा केक ताईंनी सकाळीच करून ठेवला, वरचा फेस माझ्याकडं. मी लवकर येऊन वाडगा पुन्हा घासला. इतका जोर लावून घासला की मनगट दुखलं. अंडी फोडताना पिवळं फुटू दिलं नाही. बीटर लावला. तळाला पाणी, वर साबणाचे बुडबुडे.

बाहेर गाड्यांची दारं वाजायला लागली. लहान मुलं पाण्याकडं पळत होती.

ताई आत आल्या. वाडग्याकडं बघून म्हणाल्या, "हे काय?"

"ताई, मला मोरीवर जाऊ द्या."

"का? काय झालं?"

मी काकूंकडं बघितलं. त्या भाकरी थापत होत्या, थापायचा आवाज होता, म्हणून ऐकू जाणार नाही असं मला वाटलं. मी खाली बघून सांगितलं, "माझी पाळी आहे. माझ्या हातानं फेस धरत न्हाई."

भाकरीचा आवाज थांबला.

ताई हसल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावल्या असत्या तरी चाललं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला अजून दिसतं. आपलं चांगलं मूल अंगणात नको ते करताना दिसावं, तसं. मला जमिनीत जावंसं वाटलं.

"कुणी सांगितलं तुला असं?"

मी वाडगा त्यांच्यापुढं सरकवला. ताईंनी जास्त विचारलं नाही. त्यांनी त्या पांढऱ्यात बोट बुडवलं, अंगठ्याला लावून चोळलं. मग रिकाम्या काठाच्या आतून बोट फिरवलं आणि नाकाला लावलं.

"फणसाचा वास येतोय याला."

"म्याच घेतला हुता फणसाला," काकू म्हणाल्या. "मोठं दुसरं काय मोकळं नव्हतं. धुतलाय की तिनं, चांगला धुतलाय."

"तेल लावलं होतं ना हाताला?"

"तेलाबिगर फणस कोण फोडतंय?"

ताईंनी वाडगा खिडकीपाशी नेऊन तिरपा धरला. आत सगळीकडं बारीक चरे पडले होते. माझ्याच तारेचे. "प्लॅस्टिक तेल सोडत नाही," त्या म्हणाल्या. "आणि तू जितका घासलास तितके चरे पडले. तेल त्यांच्यात जाऊन बसतं, साबण वरून निघून जातो. पिवळ्यातली चरबी जे करते तेच हे तेल करतं. बुडबुड्याची जागा अडवतं."

म्हणजे लाजून लाजून मी जे जास्त केलं, त्यानंच ते वाढवलं होतं.

ताईंनी स्टीलचं पातेलं घेतलं. लिंबाची फोड आतून फिरवली, कोरड्या फडक्यानं पुसलं. बीटरची पाती गरम पाण्यानं साबण लावून धुतली, कारण तीही त्याच वाडग्यात फिरली होती. अंडी माझ्यापुढं ठेवली.

"फोड."

"ताई, तुमी करा. माणसं आली."

"तूच फोडणार. मी इथं उभी आहे."

मी फोडली. बीटर लावला. मोठे बुडबुडे आले. मी डोळे मिटून घेतले होते, खरं सांगायचं तर. आवाज बदलला तेव्हा उघडले. पातळ असताना बीटर खळखळतो, फेस धरायला लागला की त्याचा आवाज बसका होतो. पांढरं झालं होतं आणि पात्यांच्या मागं रेघा उमटत होत्या, मिटत नव्हत्या. ताईंनी साखरेची वाटी सरकवली. मी चमच्याचमच्यानं घातली. चकाकी आली. मी बीटर उचलला, शेंडा उभा राहिला, टोक जरासं लवलं.

"पालथं कर," ताई म्हणाल्या.

मी पातेलं पालथं केलं. काहीच हललं नाही.

मग ताईंनी राहिलेल्या एका अंड्याचं पांढरं कपात घेतलं, त्यात भाजीच्या तेलाचे दोन थेंब टाकले आणि कपातच काट्यानं मारलं. कितीतरी वेळ मारलं. साबणाचं पाणी. तो कप त्यांनी काकूंच्या परातीजवळ ठेवला आणि फेस केकवर लावायला घेतला.

काकूंनी कपात बघितलं. "म्या आपलं बोलायचं म्हणून बोलले गं," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या.

केक बाहेर गेला. टाळ्या वाजल्या. कुणीतरी विचारलं, हे वरचं कुणी केलं. ताईंनी मला हाक मारली. मी मागच्या दारानं पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभी राहिले. त्या पुन्हा हाक मारत होत्या. मी विचार करत होते की या लोकांना कळलं, मी कुठल्या दिवसांत आहे, तर ते खातील का. हे त्यांच्यापैकी कुणाच्या मनात नव्हतं. काकूंच्याही मनातून एव्हाना गेलं असेल. माझ्या मात्र होतं, फेस डोळ्यांपुढं उभा राहिल्यावरही होतं. कारण कळलं तरी लाज जात नाही, ती आधीच आत येऊन बसलेली असते.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर काकू आणि मी दोघीच होतो. एसटीला उशीर होता. काकू पिशवीचे बंद सोडून पुन्हा बांधत होत्या.

"खोटं कशाला बोलू," त्या मग म्हणाल्या. "काल तुझा फेस बसला तवा मला जरा बरंच वाटलं."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"मला पोर न्हाई. तुला ठावं हाय. माझ्या सासूनं मला लोणच्याला हात लावू दिला न्हाई. पाळी असू दे, नसू दे. म्हणायची, हिच्या हाताला काय फळत न्हाई, लोणचं तरी कशाला नासवू. सासू गेली तरी म्या लोणचं घालत न्हाई. जाऊ घालती. काल वाटलं, चला, आणखी एकीच्या हातात खोट हाय."

"रश्शाला तर लोक लांबनं येत्यात काकू."

"रस्सा उकळतो. उकळल्यावर कुणाचा बी हात चालतो." त्या हसल्या. "लोणचं कच्चं असतं. तुझ्या फेसासारखं."

मला त्यांचा राग यायला पाहिजे होता. आला नाही. एसटी आली. आम्ही वेगवेगळ्या जागेवर बसलो, कारण दोघींना शेजारी जागा नव्हती, आणि मला त्याचं बरं वाटलं.

घरी मुलगी म्हणाली, आज केक कसा झाला. मी तिला तेलाचं सांगितलं, प्लॅस्टिकचं सांगितलं, तारेच्या घासणीचं सांगितलं. तिला ते आवडलं. तिनं विचारलं, मग तुला आधी काय वाटलं होतं, कशानं होत नाही म्हणून? मी म्हटलं, काही नाही, सुचतच नव्हतं. लोणच्याची बरणी तिच्यापुढं ठेवणारी मी, आणि तिला खरं सांगू शकले नाही. तिनं मला विचारलं असतं, आई तू पण? अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या महिन्यात ताईंनी एक नवी बाई टेबलावर आणली. पासली गावाकडची, तरुण, लग्न होऊन आलेली. ताई म्हणाल्या, हिला फेस तू शिकव. मी शिकवणार म्हणजे मला बोलायला लागणार. आणि त्या दिवशी माझी पाळी होती.

वाटलं, ताईंना सांगावं, उद्या शिकवते. त्यांनी ओळखलं असतं, आणि त्यांच्या तोंडावर पुन्हा तेच आलं असतं. म्हणून नाही सांगितलं. धीरानं राहिले असं म्हणता येणार नाही. एका लाजेपेक्षा दुसरी मोठी होती म्हणून राहिले.

तिला स्टीलचं पातेलं दाखवलं. लिंबाची फोड कशी फिरवायची, पाती गरम पाण्यानं का धुवायची, अंडं कपात का फोडायचं. माझा आवाज इतका बारीक होता की ती प्रत्येक वेळी पुढं वाकून ऐकायची. मग मी फेसून दाखवलं. साखर घालताना माझं लक्ष तिच्याकडं नव्हतं, पातेल्यात होतं. तेल कुठंच नव्हतं, पिवळं नव्हतं, मला सगळं माहीत होतं, तरी मी बघत होते धरतो का ते. कोर्टात निकाल ऐकावा तसं. फेस चकाकला, उभा राहिला. आपण वाट बघत होतो हे मला तेव्हा कळलं आणि कान तापले.

मी पातेलं पालथं धरलं, त्या बाईनं ते खालून बघितलं आणि हसली. मग गंभीर होऊन मला विचारलं, "ताई, अजून काय सांभाळायचं असतं का? म्हंजी बायांनी?"

तिचं बोलणं कशाबद्दल होतं ते मला कळलं. चुलीपाशी काकू होत्या, भाकरी तव्यावर टाकत होत्या.

"न्हाई," मी म्हटलं. "तेल आन् पिवळं. बाकी काय न्हाई."

तिला ऐकू आलं नाही. ती पुढं वाकली. "काय म्हणालात?"

मला पुन्हा म्हणायला लागलं, आणि या वेळी जरा मोठ्यानं, म्हणजे चुलीपर्यंत जाईल एवढं.

"बाकी काय न्हाई सांभाळायचं. मी आत्ता त्याच दिवसांत हाय, आन् फेस उभा हाय."

काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली. त्या बाईनं माझ्या हातातला बीटर घेतला. मी खालीच बघत होते, पण टेबलावरून हात काढले नाहीत.